झिगझॅग भट्टीच्या एका चेंबरमध्ये विटा बसतात किती?

मौदा रस्त्याला आमची भट्टी आहे, मागच्या हंगामात झिगझॅग केली. चेंबर आतून २४ फूट रुंद, ६ फूट लांब, ९ फूट उंच. कच्ची वीट ९ × ४ × ३ इंच. थप्पी १८ बाय १८ इंचाची, रुंदीत १२ आणि लांबीत ३. मी घनफळ काढून ६० टक्के धरले तर १२,४०० विटा येतात. भराईचा मुकादम १२,००० चे पैसे मागतो. भाजून झाल्यावर निकासीत मात्र ९,६०० च्या वर कधी गेलोच नाही. खोटं कोण बोलतंय, आणि खरा आकडा काढायचा कसा?

भाऊ, तिघांत खरं बोलते आहे ती फक्त निकासी. तुमचा हिशेब जिथे चुकला तिथेच बहुतेक नव्या झिगझॅगवाल्यांचा चुकतो, म्हणून जरा सावकाश सांगतो. शेवटी मुकादमाकडेही येतो. त्याचं म्हणणं सगळंच खोटं नाही.

तुमच्या मापाची एक सोय आहे. ९ × ४ × ३ म्हणजे १०८ घनइंच, आणि एका घनफुटात असतात १,७२८ घनइंच. म्हणजे फट न ठेवता विटा खचाखच भरल्या तर घनफुटाला बरोब्बर १६ बसतात. तुमचं चेंबर २४ × ६ × ९, म्हणजे १,२९६ घनफूट. त्याला १६ ने गुणलं की २०,७३६, आणि त्याचे ६० टक्के तुमचे १२,४००. गुणाकार बरोबर आहे. प्रश्न एवढाच की ते ६० टक्के आले कुठून? कुणीतरी सांगितलं आणि तुम्ही धरलं. भट्टीत जागा टक्क्यांनी भरत नाही. एका ओळीत किती विटा, त्यांच्यात किती फट, थप्प्यांमध्ये किती गल्ली, यावरून ती भरते. टक्का हे त्या रचाईचं उत्तर आहे. आपण तो आधीच धरून बसलो तर मोजायचं काय उरलं?

म्हणून टक्का बाजूला ठेवू आणि चेंबर चार भागांत मोजू: मधल्या थप्प्या, दोन चेंबरांमधली आडभिंत, त्या भिंतीचं दार, आणि वरचे दोन पट थर. तुम्ही थप्प्यांची मापं दिलीत, बाकीची मी आपल्याकडे साधारण असतात तशी धरतो. तुमच्याकडे फरक असेल तर आकडा बदला, रीत तीच राहील.

आधी उंची. भिंत ९ फूट म्हणजे १०८ इंच. तळाला राख किंवा वाळूचा २ इंचांचा थर पसरलेला असतो, तो वजा केला की १०६ उरले. सगळ्यात वर दोन थर विटा आडव्या, म्हणजे पट टाकलेल्या, प्रत्येकी ३ इंच जाडीच्या. त्यांचे ६ इंच गेले. राहिले १००. या १०० इंचांत वीट कडेवर उभी असते, म्हणजे तिची उंची ४ इंच. १०० भागिले ४, २५ थर. इथे नेहमी पूर्ण थरच धरायचे. भागाकारात २५.७ आले तरी बसणार २५ च, पाऊण थर कुणी रचत नाही.

आता लांबी. ६ फूट म्हणजे ७२ इंच, पण त्यातले ९ इंच आडभिंतीचे. उरले ६३. तीन थप्प्यांचे ५४ इंच, म्हणजे मोकळे राहिले ९. ते असे वाटले जातात: थप्प्यांमध्ये ३-३ इंचांच्या दोन गल्ल्या, आणि दोन्ही टोकांना भिंतीपासून दीड-दीड इंच. रुंदी २८८ इंच. बारा थप्प्यांचे २१६, मधले अकरा गाळे प्रत्येकी ६ इंचांचे म्हणून ६६, आणि दोन्ही बाजूंच्या पक्क्या भिंतींपासून ३-३ इंच. बेरीज २८८, बरोबर बसली. हे ६ इंचांचे गाळे कोळशाचे. वरच्या भोकातून टाकलेला कोळसा यांच्यातूनच खाली उतरतो.

एवढं झालं की चेंबरमध्ये १२ × ३ = ३६ थप्प्या आहेत हे नक्की. आता एका थप्पीत किती विटा, यावर सगळा खेळ आहे.

१८ इंचांच्या चौकोनात वीट कडेवर उभी केली की तिची लांबी ९ इंच आणि जाडी ३ इंच. एका थरात विटांच्या दोन ओळी येतात, कारण ९ अधिक ९ अठरा. प्रत्येक ओळीत, १८ इंचांच्या रुंदीत, ३ इंची विटा किती ठेवायच्या? ४ ठेवल्या तर १२ इंच वीट आणि ६ इंच मोकळे, म्हणजे मधल्या तीन फटी प्रत्येकी २ इंचांच्या. ५ ठेवल्या तर १५ इंच वीट, ३ इंच मोकळे, आणि चार फटी प्रत्येकी पाऊण इंचाच्या. बोलीत सांगायचं तर एक ‘दोन बोटांची’ रचाई आणि एक ‘बोटभर’ फटीची. पुढच्या थरात दिशा फिरते, खालच्या विटा पूर्व-पश्चिम असतील तर वरच्या उत्तर-दक्षिण, म्हणजे थप्पी बांधली जाते.

चारची रचाई धरू. थराला ८ विटा. तळाचे तीन थर मात्र विरळ ठेवतात, ओळीत ३, थराला ६, कारण खाली पडलेल्या कोळशाला हवा मिळायला हवी. मग एका थप्पीत २२ × ८ = १७६, अधिक ३ × ६ = १८, एकूण १९४. गाळ्यात कोळसा सरळ तळाला जाऊन ढीग होऊ नये म्हणून मधूनमधून विटा इंच-दोन इंच बाहेर काढून पायरी करतात. त्या थप्पीतल्याच विटा असतात, वेगळ्या मोजायच्या नाहीत. १९४ ला ३६ ने गुणा: ६,९८४.

आडभिंत. हवा चेंबरमधून थेट पुढे न जाता रुंदीभर फिरून जावी म्हणून ही भिंत एका बाजूने गच्च रचत नेतात आणि दुसऱ्या टोकाला दार सोडतात. पुढच्या चेंबरला दार उलट्या टोकाला, म्हणून तर नाव झिगझॅग. दार २७ इंचांचं धरलं, म्हणजे कडेची ३ इंचांची फट, एक थप्पी आणि एक गाळा यांच्या बरोबर समोर, तर भिंत राहिली २६१ इंच लांब, ९ इंच जाड. गच्च भिंतीत थराला ८७ विटा येतात: एका थरात ९ इंची लांबी भिंतीच्या जाडीत घालून २६१ भागिले ३, आणि पुढच्या थरात लांबीत २९ विटांच्या ३ ओळी, दोन्हीचं उत्तर ८७. पंचवीस थरांचे २,१७५. दार अगदी रिकामं ठेवता येत नाही, वरच्या थरांना टेकू लागतो. म्हणून तिथे विरळ जाळी करतात. थराला सरासरी ४ धरा, १०० विटा.

वरचे पट थर. २८८ × ७२ इंचांचं छत, वीट पट टाकली की ९ × ४ = ३६ चौरस इंच झाकते. पूर्ण थराला ५७६. त्यातून कोळशाची भोकं वजा. अकरा गाळे, प्रत्येकात दोन भोकं म्हणजे २२, आणि ६ × ६ इंचांचं भोक एका विटेची जागा खातं. उरल्या ५५४. दोन थरांच्या १,१०८.

सगळं मिळून ६,९८४ + २,१७५ + १०० + १,१०८ = १०,३६७.

आता तुमची ९,६०० ची गोष्ट. वरच्या दोन पट थरांतला सगळ्यात वरचा थर बहुतेक भट्ट्यांवर पक्क्या विटांचा असतो. त्याच विटा चेंबर-दर-चेंबर पुढे फिरत राहतात, त्यांच्यावर राख टाकतात. निकासीत त्या बाजूला काढून पुन्हा भराईकडे जातात, मालात धरल्या जात नाहीत. तुमच्याकडेही तसंच असणार. त्या ५५४ वजा केल्या की कच्ची वीट राहिली ९,८१३. त्यातून तूट-फूट दोन टक्क्यांच्या आसपास गेली की ९,६००. तुमचा निकासीचा आकडा इतका जुळतो की तुमच्या चेंबरमध्ये चारचीच रचाई चालली आहे, यात मला शंका नाही.

पाचची असती तर? थराला १०, म्हणून थप्पीत २२ × १० + १८ = २३८, छत्तीस थप्प्यांच्या ८,५६८, आणि बाकी तेच धरून एकूण ११,९५१. मुकादमाचे १२,००० हे आहेत. त्याने आकडा हवेतून काढलेला नाही. पाच-पाचच्या ओळीचा हिशेब त्याच्या डोक्यात बसलेला आहे, बहुधा जुन्या सरळ भट्टीवरून आलेला. पण तसं भरलं असतं तर निकासीत ११,००० च्या वर विटा दिसल्या असत्या. अठराशे विटा कुणी फोडून लपवू शकत नाही, तुकड्यांचा डोंगर झाला असता.

पैशाचं मात्र नीट पाहा. मुकादमाच्या माणसांनी वरचा फिरता थरही हातानेच लावला आहे. तेव्हा त्याची मजुरी १०,३६७ वर बसते, तुमच्या ९,६०० वर नाही. तुमचा माल एक आकडा आणि त्याची मेहनत दुसरा आकडा. दोघेही एकाच आकड्यावर भांडता म्हणून वाद मिटत नाही. चेंबरमागे तो सोळाशेच्या वर जास्त मागतो आहे हे खरं, पण तुम्ही निकासीच्या आकड्याने पैसे देत असाल तर साडेसातशेच्या वर तुम्हीही बुडवता आहात.

आता यावर तुमच्या मनात येईल तेच सगळ्यांच्या मनात येतं: मग पाचच भरायला लावू की, चेंबरमागे दीड हजार विटा वाढतील. याच ठिकाणी भट्ट्या बसतात, म्हणून इथे थोडं थांबतो.

तुमच्या चेंबरमध्ये हवा रुंदीच्या दिशेने जाते, एका टोकाच्या दारातून शिरून दुसऱ्या टोकाच्या दाराकडे. ती ज्या दिशेने येते तिकडून थप्पीकडे बघा. एका थरात विटा हवेच्या दिशेने लांब आहेत, म्हणजे त्यांच्यातल्या फटी हवेसाठी उघड्या. पुढच्या थरात विटा आडव्या आहेत, दोन विटा टोकाला टोक लावून १८ इंच बंद. म्हणजे अर्धेच थर हवा सोडतात. चारच्या रचाईत त्या थरात १८ पैकी ६ इंच उघडे. सगळी थप्पी मिळून तोंडाचा सहावा भाग उघडा. पाचच्या रचाईत १८ पैकी ३ इंच, म्हणजे बारावा भाग. विटा वाढल्या चवथाईने, हवेची वाट झाली निम्मी.

पण त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. हवेला थप्पीतून जायची सक्ती नाही. थप्प्यांमधल्या गल्ल्या तिला उघड्या आहेतच. ६३ इंचांच्या तोंडात गल्ल्या मिळून ९ इंच. चारच्या रचाईत थप्प्यांतल्या फटींचंही सरासरी काढलं तर ५४ चा सहावा भाग, ९ इंचच. म्हणजे हवेला अर्धी वाट गल्लीतून, अर्धी थप्पीच्या पोटातून. पाचच्या रचाईत पोटातली वाट साडेचार इंचांवर आली, गल्ल्या ९ च. आता दोन तृतीयांश वाट गल्लीची. आणि हे फक्त क्षेत्रफळ झालं. पाऊण इंचाच्या फटीत हवा घासत जाते, तिथे अडथळा जागेच्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे प्रत्यक्षात जवळजवळ सगळी आग गल्लीतून आणि कडेच्या फटीतून पळते, आणि थप्पीचं काळीज थंड राहतं.

हे मी ऐकून सांगत नाही. कन्हानच्या पलीकडे एका भट्टीवर मी नवा होतो तेव्हा मालकाला खूश करायला दोन चेंबर पाचने भरवले. आग तिथे आली आणि चालच विसरली. वरच्या भोकांचं झाकण उचललं की धूर तोंडावर यायचा. एरवी झाकण उचललं तर हवा आत ओढली जाते, कागद धरला तर आत खेचतो. तिथे उलटं. फायरमन कोळसा टाकत राहिला, आग पुढे जाईना. शेवटी निकासी झाली तेव्हा गल्लीकडच्या विटा जास्त भाजून झामा होऊन एकमेकींना चिकटलेल्या, पहारीने सोडवाव्या लागल्या, आणि थप्पीच्या मधल्या विटा पिवळट. वाजवली तर पक्की वीट खणकन बोलते, या बद्द बोलत होत्या. तळाला न जळलेल्या कोळशाचा काळा थर. दीड हजार विटा जास्त भरून अव्वल माल आधीपेक्षा कमी निघाला, वर कोळसा जास्त गेला तो वेगळाच.

म्हणून रचाई बिघडली आहे हे ओळखायला निकासीपर्यंत थांबायची गरज नाही. झाकणावरचा धूर सगळ्यात आधी सांगतो. मग आगीची चाल: रोज जितकी चेंबरं पुढे सरकायची तितकी सरकत नसतील आणि चिमणीची ओढ नेहमीसारखीच असेल, तर अडथळा मालात आहे. आणि निकासीच्या वेळी एका थप्पीतल्या विटा ओळीने मांडून बघा. कडेची वीट आणि पोटातली वीट यांच्या रंगात फार फरक असेल तर फटी आवळल्या आहेत. उलट टोकही आहे. फटी फार सैल, ओळीत ३ च, तर आग झपाट्याने निघून जाते, विटा भाजायला पुरेसा वेळ मिळत नाही आणि प्रत्येक विटेमागे कोळसा वाढतो. तळाचे तीन थर सोडले तर ३ ची रचाई कुठेच नको.

मोजणीची खात्री कशी करायची ते सांगतो, फार काम नाही. लाकडाचा २ इंची गुटका करून घ्या. भराई चालू असताना दहाव्या-बाराव्या थरावर जा. पहिल्या चार थरांवर नाही, तिथे सगळेच नीट रचतात, मालक बघत असतो. कोणत्याही पाच थप्प्या निवडा, त्यातली एक तरी मधल्या रांगेतली हवी. ओळीतल्या विटा मोजा, फटीत गुटका घाला. सहज जायला हवा आणि खुळखुळायला नको. मग थर मोजा, तेही दोन ठिकाणी, दाराजवळ आणि बंद टोकाला. एखादा थर कमी-जास्त निघतो, कारण तळ सपाट नसतो. त्या आकड्यांनी वरचा हिशेब पुन्हा मांडा. एकदा एका चेंबरचा आकडा ठरला की रोज मोजायचं कारण नाही, रचाई बदलली तरच.

हिशेबाला साचा हवा असेल तर एवढाच:

```
एकूण = थप्प्या × (तळ सोडून बाकीचे थर × थराच्या विटा + तळाचे थर × तळाच्या विटा)
       + थर × (भिंतीच्या विटा + दाराच्या विटा)
       + पट थर × (पूर्ण थराच्या विटा − भोके)
माल  = एकूण − फिरता थर − तूट
```

यात एक गोम आहे, विटेचं माप. साचा ९ × ४ × ३ चा असला म्हणून वाळलेली वीट तेवढीच असेल असं नाही. माती, पाणी आणि थापणाऱ्याचा हात यांवर आकुंचन ठरतं. एक वीट मोजून काही कळत नाही. दहा कच्च्या विटा कडेला कड लावून ठेवा, सगळ्यांची मिळून लांबी घ्या आणि दहाने भागा. असं तिन्ही बाजूंचं करा. उंचीत पाव इंचाचा फरक किती खातो बघा: वीट ४ ऐवजी सव्वाचार इंच निघाली तर १०० इंचांत २५ थर बसत नाहीत, २३ च बसतात. दोन थर गेले. एका थरात थप्प्यांच्या २८८, भिंतीच्या ८७, दाराच्या ४, अशा ३७९ विटा, म्हणजे चेंबरमागे ७५८ विटांचा फरक, पाव इंचापायी. दोन थापणाऱ्यांचे साचे वेगळे असतील तर तुमच्या दोन चेंबरांचे आकडे कधीच जुळणार नाहीत, आणि तुम्ही बिचाऱ्या मुकादमावर संशय घेत बसाल.

खोदाईची मापंही एकदा पुन्हा घ्या. जुनी भट्टी झिगझॅग केली असेल तर बाजूच्या भिंती क्वचितच ओळंब्यात असतात. रुंदी तळाला, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजून सगळ्यात कमी धरा, कारण थप्प्या सरळ वर जातात, भिंतीच्या उतारासोबत पसरत नाहीत. वर जास्त निघालेली जागा विटांना मिळत नाही, ती कडेची फट म्हणून हवेला मिळते. कडेची ३ इंचांची फट वर जाऊन ६ इंच झाली तर आग तिथूनच पळेल. तेव्हा फट जास्त निघाली की वरच्या थरांत कडेला एक-एक वीट आडवी भरून ती बंद करा. भट्टीच्या दोन टोकांना वळणावरची चेंबरं असतील तर त्यांना हा आकडा लावू नका. तिथे आतली बाजू आखूड आणि बाहेरची लांब, चौकोनी थप्प्या पाचरीच्या जागेत बसतात आणि मधल्या गल्ल्या वेड्यावाकड्या होतात. वळणावरचं प्रत्येक चेंबर एकदा वेगळं मोजून ठेवा.

खालच्या विरळ थरांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण आपल्याकडे मार्चमध्ये अवकाळी येतोच म्हणून सांगतो. कच्ची वीट साधारण ३ किलोची धरली तर सगळ्यात खालच्या ६ विटांवर एका थप्पीचं साडेपाचशे किलोच्या वर वजन येतं, म्हणजे एकेका विटेवर ९० किलोपेक्षा जास्त. वाळलेली वीट ते सहज पेलते. ओलसर वीट पेलत नाही. ती चेपते, वरची थप्पी झुकते, शेजारच्या गल्लीत टेकते आणि ३ इंचांची वाट बंद होते. वरून मोजलं तर विटांचा आकडा तोच, पण आग अडली. पाऊस येऊन गेला असेल तर तळासाठी जुनी, पूर्ण वाळलेली वीट वेगळी काढून ठेवा. फोडून बघा, आतला रंग कडेसारखाच फिकट असेल तरच ती तळाला.

आणखी एक, खास आपल्या भागासाठी. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख मातीत मिसळत असाल तर त्या राखेत न जळलेला थोडा कोळसा असतो, आणि तो विटेच्या आतून जळतो. राखेचं प्रमाण वाढवलं आणि फट आवळली, दोन्ही एकदम केलं, तर थप्पीच्या पोटात उष्णता अडकते आणि मघाच्या उलटं होतं: पोटातल्या विटा फुगून वितळतात, कडेच्या बऱ्या राहतात. म्हणजे पोट पिवळं निघालं तर हवा कमी, पोट झामा निघालं तर आतलं इंधन जास्त. दोन्ही वेळा लोक मुकादमालाच शिव्या देतात. राख मिसळून रचाई दोन बोटांचीच ठेवा आणि भोकातून टाकायचा कोळसा थोडा-थोडा कमी करत जा. आधी विटांची संख्या वाढवायच्या नादी लागू नका.

पाचची रचाई कधीच चालत नाही असं नाही. वीट पोकळ असेल, किंवा गल्ल्या ३ वरून २ इंचांवर आणून त्या बदल्यात थप्पीच्या फटी मोकळ्या केल्या असतील, तर आकडे वेगळे बसतात. पण तुमच्या मापात, तुमच्या विटेत, घनफुटाला ८ च्या आसपास हाच आकडा आहे: १०,३६७ भागिले राखेचा थर सोडून उरलेले १,२७२ घनफूट, ८.१५. खचाखच १६ च्या मानाने हे ५१ टक्के झाले. पुढच्या वेळी कुणी विचारलं तर हा टक्का सांगा, पण रचाईसकट सांगा.

मुकादमाशी बोलताना त्याला आकडा सांगू नका, थप्पी मोजायला सोबत घ्या. दहाव्या थरावर त्यालाच ओळ मोजू द्या आणि गुटका त्याच्याच हातात द्या. मग वहीत दोन रकाने करा, एक त्याच्या मजुरीचा १०,३६७, एक तुमच्या कच्च्या मालाचा ९,८१३, आणि निकासी झाली की तिसरा. दुसऱ्या आणि तिसऱ्यातला फरक अडीचशेच्या वर जायला लागला तर मुकादमाला नाही, निकासीच्या गाडीला आणि तुकड्यांच्या ढिगाला विचारा.